वर्गणीची पावती आणि प्रायोजकाचं पत्र

घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत गावोगावी भोंडला रंगतो. आता बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्या बायकांची समितीच तीन दिवसांचा महोत्सव करते. त्यासाठी दुकानदारांकडे जायचं, ते बहुतेक वेळा पावतीपुस्तक घेऊनच. दुकानदार शंभराची नोट काढून देतो आणि आपल्याला वाटेला लावतो. मंडळांच्या वर्गणीची त्याला सवय झालेली असते. प्रायोजकत्व म्हणजे वर्गणी नव्हे. तो पैसे देतो आणि त्याबदल्यात आपण त्याला काहीतरी देतो. ते काय आणि किती, हे लिहून दिलेलं पत्र म्हणजे प्रस्ताव.

पत्रात पहिला प्रश्न येतो तो माणसं किती येतात याचा. इथे आपल्या हातून सर्रास होतं ते असं. समजा, गेल्या वर्षी भोंडल्याला १८० बाया आल्या, दुसऱ्या दिवशी पाककलेला १२० आणि समारोपाला ३५० माणसं. आपण बेरीज करतो आणि '६५० प्रेक्षक' असं लिहून मोकळ्या होतो. पण सुमनकाकू तिन्ही दिवस आल्या, तर त्या तीन माणसं होत नाहीत. दुकानदार त्याच गावचा असतो, पटांगणात किती खुर्च्या मावतात हे त्याला ठाऊक असतं. आकडा फुगलेला दिसला की पुढचं पत्र तो वाचतच नाही.

म्हणून हळदीकुंकवाच्या पाटाशेजारी एक वही ठेवायची. नाव आणि गाव किंवा वाडी, एवढंच लिहायचं. फोन नंबर घेऊ नका, बाया बिचकतात. आपल्या उदाहरणात दोन्ही दिवसांच्या वहीत ९० नावं सारखीच निघाली, म्हणजे वेगवेगळ्या बाया झाल्या २१०. त्यातल्या ७० आसपासच्या वाड्यांवरच्या. समारोपाला गर्दी ऐन भरात असताना ओळीनं खुर्च्या मोजायच्या, उभी माणसं वेगळी मोजायची. आता पत्रात लिहा: '२१० महिलांची नोंद, त्यापैकी ७० बाहेरच्या वाड्यांतल्या, समारोपाला एका वेळी ३५० जण.' आकडा लहान दिसतो खरा, पण साडीवाल्याला त्या ७० मध्येच रस असतो. एरवी त्या तालुक्याच्या बाजाराला जातात, त्याच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. बियाणं-खताच्या दुकानदाराला मात्र समारोप दाखवा, कारण पुरुष मंडळी त्या दिवशीच येतात. एकच छापील पत्र सगळ्यांना वाटण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

आता पैशाचं. समजा एकूण खर्च ६०,००० रुपये. प्रवेश फी आणि गटांचा वाटा मिळून १८,००० जमतात, उरले ४२,०००. त्यासाठी एक मुख्य प्रायोजक १५,००० चा, तीन सहप्रायोजक ६,००० चे आणि बक्षिसांसाठी १,००० देणारे नऊ जण, असा हिशेब बसतो. मुख्य प्रायोजकाला काय द्यायचं ते मोजून लिहा: मंचामागे दहा बाय चारचा एक फलक, रोज तीनदा याप्रमाणे नऊ वेळा नावाची घोषणा, फाटकाजवळ स्टॉलची जागा. 'भरपूर प्रसिद्धी' असले शब्द नकोत. विक्री वाढेल असंही लिहू नका, ते आपल्या हातात नाही.

एका धंद्याचा एकच प्रायोजक, हेही पत्रात असावं. एका साडीवाल्याकडून पैसे घेऊन दुसऱ्याचा फलक समोर लावला, तर पुढच्या वर्षी दोघंही दार लावून घेतात. भाषण करू द्या, अशी अट कुणी घालतोच. दोन मिनिटं आणि कुठल्या दिवशी, ते तिथंच ठरवून टाका. गुटखा-दारूवाल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा ठराव मात्र आधीच्या बैठकीत व्हावा, कारण समोर चेक दिसल्यावर बोलणं अवघड जातं.

चेक समितीच्या खात्याच्या नावानंच घ्या. जाहिरातीसाठी दिलेली रक्कम दुकानदार धंद्याच्या खर्चात दाखवू शकतो, त्यासाठी पावतीवर 'देणगी' न लिहिता 'जाहिरात व प्रायोजकत्व' असं लिहिलेलं त्याला हवं असतं. वर्गणीही गोळा करणार असाल आणि समिती नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी आधी काढावी लागते. फलकासाठी ग्रामपंचायतीला विचारा.

जायचं कधी? गणपतीत सगळी मंडळं त्याच दारात असतात. पितृपक्षात पैशाचं ठरवायला काही जण नाखूश असतात आणि पुढे दिवाळीच्या मालात पैसा अडकतो. तेव्हा श्रावणातच जा, दुपारी दोन-तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना.

घोषणेचं काम एकीकडेच सोपवा आणि प्रत्येक घोषणेनंतर तिला कागदावर खूण करायला सांगा, नाहीतर गाण्यांच्या नादात नऊच्या चार होतात. फलकाचा फोटो रोज काढा, वाऱ्यानं फाटला तर लगेच कळतं. महोत्सव संपल्यावर आठ दिवसांत तो खुणांचा कागद, फोटो, वहीतला यंदाचा आकडा आणि पावती घेऊन दुकानात जा. घोषणा कमी झाल्या असतील तर तेही त्याच कागदावर दिसू द्या.