गोळ्यांना दाद न देणारा मधुमेह

प्रौढ वयात जडलेला मधुमेह हा दुसऱ्या प्रकारचाच असावयाचा, असे मानण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, चाळिशी गाठलेल्या माणसाच्या रक्तात साखर वाढलेली आढळताच त्याच्या कागदावर ते निदान नोंदले जाते, मेटफॉर्मिनची गोळी सुरू होते, आणि वर्षसहा महिन्यांत त्या गोळीचा प्रभाव ओसरू लागला तर निदानाविषयी संशय घेण्याऐवजी रोग्याच्या पथ्याविषयी संशय घेतला जातो. बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत ते पहिले अनुमान यथार्थही असते. परंतु त्यांच्यातच असा एक लहान गट असतो की ज्याचा रोग मुळापासून निराळा आहे, आणि या गटातील माणसांवर कुपथ्याचा जो आळ येतो तो मला फार अन्यायाचा वाटतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या कचेरीतला बेचाळीस वर्षांचा एक अव्वल कारकून, शरीराने सडपातळ, वजन ५८ किलो. वारंवार लघवी होते, तहान शमत नाही, म्हणून तपासणी केली तेव्हा उपाशीपोटीची साखर १९६ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे एचबीए१सी ९.१ निघाले. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांनी चार महिन्यांत तो आकडा ७.२ वर आला व सर्वांचे समाधान झाले. मात्र वर्ष उलटण्यापूर्वीच तो पुन्हा ९.६ झाला. डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन ही तिसरी गोळी जोडली. या गोळीने वजन थोडे उतरतेच, म्हणून पुढे पाच किलो वजन घटले तेही औषधाचा गुण म्हणूनच मानले गेले. भात सोडला, चहातली साखर कधीच सोडली होती, रोज पहाटे तासभर चालणे चालू होते. आणि तरीही प्रत्येक भेटीत त्या गृहस्थाला एकच प्रश्न विचारला जाई, की खाण्यात काय चुकते आहे?

चूक खाण्यात नव्हती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करीत असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. इन्सुलिन घडविणाऱ्या बीटा पेशी हळूहळू थकत जातात खऱ्या, तथापि त्याला सहसा पुष्कळ वर्षे लागतात. या कारकुनाच्या देहात मात्र त्याचीच रोगप्रतिकारक यंत्रणा त्या पेशींना परक्या समजून त्यांचा नाश करीत होती. लहान मुलांना होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहातही हेच घडते. फरक एवढाच की, मुलांमध्ये हा संहार बहुधा वेगाने होतो आणि इथे तो काही वर्षे मंद गतीने चालतो. ग्लिमेपिराइडसारखे औषध उरलेल्या पेशींकडून अधिक इन्सुलिन काढून घेते, म्हणजे आटत चाललेल्या विहिरीवर अधिक जोराने मोट चालवावी तसा तो प्रकार होय. आरंभीचे काही महिने पाणी भरपूर येते आणि तेच सर्वांची दिशाभूल करते. मेटफॉर्मिन यकृतातून होणारी साखरेची निर्मिती कमी करते, पण नसलेल्या इन्सुलिनची जागा ते घेऊ शकत नाही.

स्वादुपिंडातील या पेशींविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे असतात, हे लंडनमध्ये बोतात्सो आणि डोनियाक यांनी १९७४ साली दाखविले. पुढे १९८६ मध्ये फिनलंडच्या लेइफ ग्रूप यांनी त्या दोघांच्या साहाय्याने असे सिद्ध केले की, पस्तिशीनंतर मधुमेह झालेल्या आणि गोळ्यांवर असलेल्या काही रोग्यांतही तीच प्रतिपिंडे सापडतात. आणि १९९३ च्या सुमारास या अवस्थेला ‘लाडा’ हे नाव मिळाले. ब्रिटनमधील मधुमेहाच्या मोठ्या पाहणीत, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दुसऱ्या प्रकारचे म्हणून नोंदलेल्या सुमारे दहा टक्के रोग्यांत ‘गॅड’ नावाच्या विकराविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. निदानाच्या वेळी पस्तिशीच्या आत असलेल्यांपैकी ज्यांच्यात ती होती, त्यांतील ८४ टक्क्यांना सहा वर्षांच्या आत इन्सुलिन घ्यावे लागले. ज्यांच्यात कोणतीच प्रतिपिंडे नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. प्रतिपिंडे आढळण्याचे हे दहा टक्क्यांचे प्रमाण युरोपातले. आशियाई लोकांत ते सामान्यतः कमी आढळते.

मग संशय घ्यावा तो कोणाविषयी? पन्नाशीच्या आत जडलेला रोग, आरंभीच तीव्र लक्षणे, सडपातळ बांधा, स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला थायरॉइडसारखा स्वयंप्रतिरोधाचा विकार, आणि या सर्वांवर मुद्रा उमटविणारी गोष्ट म्हणजे पथ्य सांभाळूनही गोळ्यांचे लवकर निष्फळ होणे. यांपैकी बांध्याच्या खुणेवर आपल्याकडे फार विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सर्रास होतो तो यामुळे. म्हणून आपल्याकडे अंगकाठीपेक्षा कौटुंबिक इतिहासाला आणि वजनाच्या अकारण घटीला मी अधिक वजन देईन. आपल्या कारकुनाच्या थोरल्या बहिणीला वीस वर्षे थायरॉइडची गोळी चालू होती. हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

विचारणारा डॉक्टर अखेर भेटला, आणि त्याने दोन तपासण्या लिहून दिल्या. पहिली गॅड प्रतिपिंडांची. ती ठळकपणे सकारात्मक आली. काठावरचे उत्तर आले असते तर ते पुन्हा तपासावे लागले असते, कारण थोड्याशा निरोगी माणसांतही ही प्रतिपिंडे अल्प प्रमाणात सापडतात. दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची. स्वादुपिंड इन्सुलिन घडविताना मूळच्या लांब रेणूतून हा तुकडा कापून वेगळा करते आणि जितके इन्सुलिन तितकाच तो रक्तात उतरतो, म्हणून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनविते याचा हिशेब त्यावरून लागतो. मिलिलिटरला सुमारे ०.९ नॅनोग्रॅमच्या खाली तो गेला तर उपचार पहिल्या प्रकाराप्रमाणे करावा, सुमारे २.१ च्या वर असेल तर तूर्त दुसऱ्याप्रमाणे, आणि मधल्या टापूत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा, असे एका तज्ज्ञमंडळाने २०२० मध्ये सुचविले. हे मोजताना त्याच वेळची साखरही पाहावी लागते. साखर फार कमी असेल तर सी-पेप्टाइड स्वभावतःच खाली जाते, दीर्घकाळ फार चढलेली असेल तर पेशी तात्पुरत्या बधिर होऊन आकडा कमी दिसतो, आणि मूत्रपिंड बिघडलेले असल्यास तो उगाच जास्त दिसतो. कारकुनाचा आकडा ०.८ होता, आणि त्या वेळची साखर १७०.

त्याच दिवशी ग्लिमेपिराइड बंद झाले. डॅपाग्लिफ्लोझिनही बंद झाले, आणि हे अधिक निकडीचे होते. कारण इन्सुलिन अपुरे असताना ही गोळी रक्तात कीटोन आम्ले साठविते, आणि तीही साखर फारशी चढलेली नसताना, त्यामुळे उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास सुरू होईपर्यंत धोका कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्रीचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन दहा युनिटांनी सुरू झाले, पुढे जेवणापूर्वीचे थोडे थोडे जोडले गेले, आणि थायरॉइडचीही तपासणी करून घेतली. तीन महिन्यांत गेलेल्या वजनापैकी बरेचसे परत आले व एचबीए१सी ७.१ झाले. इतक्या अल्प मात्रेवर साखर ताब्यात राहते हे पाहून ‘आता पुन्हा गोळ्यांवर जाता येईल का’ असे त्याने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला समजावले की ही मात्रा अल्प आहे ती काही पेशी अजून जिवंत आहेत म्हणून, त्यांचा नाश थांबलेला नाही, आणि पुढे मात्रा वाढवावी लागली तर त्याचा दोष त्याने आपल्या ताटात शोधू नये.