बाबांचं भाषण, दोन माइकवर

सकाळी ७
नवरीच्या बाबांनी रात्री पाठवलेलं भाषण चहाबरोबर उघडलं. संध्याकाळी पुण्यात स्वागत समारंभ आहे. नवरी इथली, नवरा जर्मन. त्याच्याकडची मंडळी पहिल्यांदाच भारतात आली आहेत आणि त्यातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजीही फारसं येत नाही. बाबा मराठीत बोलणार, ते थांबले की मी जर्मनमध्ये सांगणार.

भाषण मनापासून लिहिलंय, पण अकराशे शब्दांचं आहे. घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर दहा मिनिटं होतात. माझी दहा धरली, मधले थांबे आणि हशा धरला, की अर्धा तास होत आला. तोवर पाहुण्यांची नजर जेवणाच्या टेबलांकडे वळलेली असते. मूळ भाषण चार मिनिटांचं, म्हणजे चारशे शब्दांच्या आत हवं.

सकाळी ९.३०
बाबांच्या, म्हणजे काकांच्या, घरी पोचले. हॉलमध्ये रुखवत पसरलेलं, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. शब्द कमी करायला काका लगेच तयार झाले. "वाक्यं तोडायची" म्हटल्यावर मात्र चेहरा पडला. "अगं, शाळेतल्या पोरासारखं वाटेल ते!"

मग त्यांचंच एक वाक्य त्यांना वाचायला लावलं:

"ज्यांनी १९८९ साली अठरा हजारांचं कर्ज काढून मला इंजिनीअरिंगला घातलं, त्या आमच्या दादांनीच हट्ट धरल्यामुळे, माझा सुरुवातीला विरोध असतानाही जर्मनीला शिकायला गेलेली आमची मुलगी तिथेच संसार थाटेल असं आम्हाला कुणालाही वाटलं नव्हतं."

मराठी कानाला यात काही खटकत नाही. आपण शेवटच्या क्रियापदापर्यंत धीर धरतो. माझी अडचण वेगळी आहे. साध्या जर्मन वाक्यात क्रियापद दुसऱ्या क्रमांकावरच येतं. इथे ते, आणि त्याला चिकटलेला नकारही, अगदी शेवटी आहे. कुणाबद्दल बोलणं चाललंय हेही "मुलगी" येईपर्यंत कळत नाही. तोवर दादा, कर्ज, साल, हट्ट आणि विरोध असं सगळं मला डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यातलं काहीतरी गळतंच, आणि गळतं ते बहुधा साल किंवा नाव.

तासाभराने त्याचं असं झालं:

"माझे मोठे भाऊ, दादा, इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी इंजिनीअर झालो तो दादांमुळे. *(थांबा)*
१९८९ साली दादांनी माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढलं. ते कर्ज त्यांच्या वर्षभराच्या पगाराएवढं होतं. *(थांबा)*
मुलीला जर्मनीला पाठवा, हा हट्टही दादांचाच. माझा विरोध होता. *(थांबा)*
आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, ती तिथे संसार थाटेल. *(थांबा)*"

अठरा हजारांचा आकडा मुद्दाम काढला. आजच्या भावाने ते दोनशे युरोंच्या आसपास होतात. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्याचं काय कौतुक? वर्षभराचा पगार म्हटलं की कुठल्याही देशातल्या माणसाला कळतं. नकार आधी आला, त्यामुळे शेवटचं वाक्य मी ऐकता ऐकता मनात जुळवू शकते. "दादा" पुन्हा पुन्हा येतं, तेही जाणूनबुजून. नुसतं "त्यांनी" म्हटलं तर तो पुरुष, बाई की चारचौघं हे मराठीत कळत नाही, आणि जर्मनमध्ये मला ते ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

काकांनी ते मोठ्याने वाचलं. "माझा विरोध होता" म्हटल्यावर ओट्याशी उभ्या असलेल्या काकू खुदकन हसल्या. लांब वाक्यात ही कबुली पार दडून गेली होती. त्यानंतर शाळेतल्या पोराचा विषय निघाला नाही.

दुपारी १२
आता उलटा त्रास. काकांना तोडायची गोडी लागली आणि ते प्रत्येक वाक्यानंतर थांबायला लागले. तेही नको. तीन शब्द तुम्ही, तीन शब्द मी, असं चाललं की शपथविधी वाटतो. एका वेळी एक पुरा विचार, म्हणजे दोन-तीन छोटी वाक्यं द्यायची. अर्ध्या वाक्यावर तर कधीच थांबायचं नाही. "जेव्हा ती पहिल्यांदा घरी आली..." म्हणून वक्ता माझ्याकडे बघतो, तेव्हा माझ्या हातात काहीच नसतं, "तेव्हा" अजून त्याच्याचकडे असतो.

तुकडा बरोबर आहे की नाही, याची माझी परीक्षा साधी आहे. काकांनी एकदा वाचायचं आणि मी कागद न बघता जर्मनमध्ये सांगायचं. जिथे मी अडखळले तो तुकडा मोठा. जिथे माझं जर्मन मुळापेक्षा फारच आखूड झालं, तिथे मी काहीतरी गाळलंय; तोही मोठाच.

सुरुवातीचा गणपतीचा श्लोक राहू दिला. त्याचं भाषांतर करणार नाही, "शुभकार्याची सुरुवात आम्ही गणपतीला वंदन करून करतो" एवढंच सांगेन. जावयाच्या आडनावावरची कोटी काढली, काका हळहळले. जावयाने पहिल्यांदा हाताने वरण-भात खाल्ला तो किस्सा ठेवला. शब्दांवरचा विनोद सीमेवरच अडतो, घडलेला विनोद पलीकडे जातो.

दुपारी ३
नवऱ्याच्या आईचं दोन मिनिटांचं भाषण फोनवर बघितलं. छोटी वाक्यं, नावं स्पष्ट. काही करावं लागलं नाही.

मग छपाई. काकांची प्रत मोठ्या टाइपात, प्रत्येक तुकड्यानंतर मोकळी ओळ, आणि कुठलाही तुकडा पान उलटताना तुटणार नाही असा. माझ्या प्रतीत उजवीकडे रुंद समास आणि नातेवाइकांची नावं देवनागरी व रोमन दोन्हीत.

संध्याकाळी ५.३०
हॉलवर साउंडवाल्याने एकच माइक लावला होता. माइकची देवाणघेवाण करत बसलं की प्रत्येक तुकड्यामागे काही सेकंद जातात, म्हणून दुसरा मागवला. काकांच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे माझी जागा. त्यांना सांगितलं, बघायचं पाहुण्यांकडे, माझ्याकडे नाही. मी "माझे भाऊ" असंच म्हणणार, "यांचे भाऊ" नाही. तेव्हा दचकू नका. आणि मी माइक तोंडाजवळ नेला, की वाक्य पुरं करून थांबायचं.

रात्री ८
दादांचं नाव आलं तसे टाळ्या दोनदा झाल्या, आधी मराठी, मग जर्मन. वरण-भाताचा हशाही दोन हप्त्यांत आला आणि काका दुसऱ्या हप्त्यासाठी थांबले. हे भल्याभल्या वक्त्यांना जमत नाही. पहिल्या हशावर ते पुढे निघून जातात आणि पाहुण्यांचं हसू मध्येच कापलं जातं.

मग मुलीकडे नजर गेली आणि कागद बाजूला राहिला. लहानपणची आठवण, न थांबता चार-पाच वाक्यं. मी माइक वर नेला. त्यांनी पाहिलं, वाक्य पुरं केलं, थांबले. आठवण तिच्या पहिल्या सायकलची होती, सगळी सांगता आली.

रात्री ९.३०
काकांच्या भाषणाला सगळं मिळून नऊ मिनिटं लागली. तुमच्या घरी असं लग्न ठरलं असेल तर भाषण आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी दुभाष्याकडे द्या, आणि नातेवाइकांच्या नावांची यादी सोबत जोडा.