कैचीतला रिकामा दांडा

कोकणातल्या एका शाळेचं कौलारू छप्पर उतरवून पत्रे घालायचं ठरलं होतं. कैच्या लोखंडी आणि धडधाकट होत्या, त्या तशाच ठेवायच्या होत्या. शिडीवर चढलेला वेल्डर एका उभ्या अँगलवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, गेल्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, या दांड्यात काही बळ येत नाही. मग कापून टाकू? गंजलाय पण." मी तसं म्हणालो होतो, आणि ते खरंही होतं. तरी मी त्याला थांबवलं. का थांबवलं हे समजायला ती कैची सोडवूनच बघायला हवी.

एका कागदावर रेघा ओढा. खाली ८ मीटरची आडवी रेघ आणि तिच्यावर दर २ मीटरला एक सांधा: अ, ब, क, ड, इ. अ आणि इ भिंतींवर टेकलेले आहेत. मधल्या क च्या वर ३ मीटरवर शिखर, त्याला ग म्हणू. अ पासून ग पर्यंत आणि ग पासून इ पर्यंत दोन उतार काढा. डाव्या उताराच्या मध्यावर, म्हणजे ब च्या बरोबर वर, फ हा सांधा. उजवीकडे ड च्या वर ह. आता आतले दांडे काढा: ब-फ, क-ग आणि ड-ह हे उभे, फ-क आणि ह-क हे तिरके. एकूण १३ दांडे झाले.

दोन कैच्यांमधलं अंतर ४ मीटर आहे. कौलं, रिपा आणि दुरुस्तीला चढणारी माणसं धरून फ, ग, ह या तिन्ही सांध्यांवर प्रत्येकी १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एका टनाचं ओझं येतं असं धरू. भार सांध्यावरच येतो आणि दांडे सांध्यात बिजागरीसारखे फिरू शकतात, असं गृहीत धरलं की प्रत्येक दांडा फक्त ओढला तरी जातो किंवा दाबला तरी जातो. तो वाकत नाही.

आकडेमोडीआधी रिकामे दांडे शोधायचे. ब या सांध्यावर डोळा ठेवा. तिथे तीन दांडे भेटतात: अ-ब आणि ब-क एका सरळ रेषेत आडवे, आणि ब-फ उभा. भार काहीच नाही. दोन माणसं दोरी आडवी ताणून उभी आहेत आणि तिसरा मधोमध ती वर ओढतोय, अशी कल्पना करा. दोरी सरळच राहायची असेल, तर त्याच्या ओढीला उत्तर देणारं तिथे कुणी नाही. म्हणजे त्याची ओढ शून्यच असली पाहिजे. तसंच ब-फ मध्ये बळ शून्य, आणि त्याच न्यायाने ड-ह मध्येही शून्य.

दुसरी खूण अशी: सांध्यात दोनच दांडे आहेत, ते एका रेषेत नाहीत आणि भार नाही, तर दोन्ही रिकामे. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. अ मध्ये दोनच दांडे आहेत आणि वरून भार दिसत नाही, म्हणून दोन्ही शून्य लिहून मोकळे होतात. पण अ खाली भिंत आहे आणि ती वर रेटते आहे. तो रेटाही भारच.

आता उरलेले दांडे. एकूण भार ३०, कैची दोन्हीकडे सारखी, म्हणून प्रत्येक भिंत १५ किलोन्यूटन वर रेटते. सांध्यातून दोनच समीकरणं मिळतात, एक उभं आणि एक आडवं. म्हणून जिथे दोनच अनोळखी बळं आहेत तिथून सुरुवात करायची, म्हणजे अ पासून. उतार ४ मीटरला ३ मीटर चढतो, म्हणून उताराची बाजू ५ धरली की उभा हिस्सा ३ आणि आडवा ४. भिंतीचे १५ थोपवायला अ-फ ला २५ चा दाब घ्यावा लागतो. त्या दाबाचा आडवा हिस्सा २० होतो. तो कैचीचे पाय फाकवू बघतो आणि अ-ब दांडा २० च्या ताणाने त्यांना धरून ठेवतो. ब-फ रिकामा असल्यामुळे ब-क मध्येही तेच २०.

मग फ. ब-फ आधीच बाद झाल्यामुळे इथेही दोनच अनोळखी उरतात. हा रिकामा दांडा आधी शोधण्याचा फायदा इथे कळतो. नाहीतर गाडी अडली असती. आडव्या हिशोबातून फ-ग आणि फ-क च्या दाबांची बेरीज २५ येते, उभ्या हिशोबातून त्यांची वजाबाकी ८.३३. म्हणजे फ-ग मध्ये १६.६७ दाब आणि फ-क मध्ये ८.३३ दाब. शिखरावर दोन्ही उतार मिळून ग ला २० ने वर रेटतात, भार १० खाली, उरलेले १० क-ग दांडा खाली ओढतो. मधला खांब छप्पर पेलतो असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो ताणात लटकलेला असतो.

क हा सांधा मी मुद्दाम पडताळ्यासाठी ठेवतो. दोन तिरके दांडे क ला १० ने खाली दाबतात, क-ग १० ने वर ओढतो. जमलं. इथे बेरीज जुळली नाही तर मागे कुठेतरी ताण-दाबाची गल्लत झाली आहे हे लगेच कळतं.

आता कौलं उतरवताना काय होतं ते बघा. उजवी बाजू उघडी झाली, शिखरही मोकळं झालं, आणि भार उरला फक्त फ वर, १०. डावी भिंत ७.५ पेलते, उजवी २.५. ह वर आता काहीच नाही आणि ड-ह रिकामा आहेच. मग ह पाशी दोन उतार एका रेषेत आणि ह-क एकटा तिरका. तोही शून्य! काल ८.३३ चा दाब पेलणारा दांडा आज रिकामा. फ-ग चा दाब १६.६७ वरून ४.१७ वर आला, आणि फ-क मात्र ८.३३ वरच राहिला. रिकामेपण दांड्याच्या अंगचं नसतं. ते त्या वेळच्या भाराचं असतं.

वेल्डरला थांबवण्याचं कारण याच्याही पुढचं होतं. रिपांसकट मंगळुरी कौलं दर चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास भरतात, पत्रा जेमतेम ६ किलो. दारं-खिडक्या उघड्या असताना वादळ आलं, तर आत शिरलेला वारा पत्रा खालून रेटतो आणि वरून वाहणारा त्याला ओढतो. कौलांच्या ओझ्यापुढे हे चालत नाही, पत्र्यापुढे चालतं. हिशोब सोपा राहावा म्हणून समजा, तिन्ही सांधे निव्वळ ४ किलोन्यूटनने वर ओढले गेले. मग सगळी उत्तरं उलटतात आणि ०.४ पट होतात: उतार ताणात जातात आणि अ-ब-क या खालच्या दांड्यात ८ चा दाब येतो.

ताणलेली काठी लांब असली तरी बिघडत नाही. दाबलेली बारीक काठी मात्र मोडण्याआधी बाजूला फुगते, आणि लांबी दुप्पट झाली की त्यासाठी लागणारा दाब चौथाई होतो. ब-फ कापला तर अ पासून क पर्यंत ४ मीटरचा दांडा मध्ये आधाराविना राहतो. ब-फ असेल तर तो वर-खाली फुगताना मध्यावर अडतो, दोन-दोन मीटरचे दोन तुकडे असल्यासारखा वागतो. सांध्यांच्या हिशोबात तेव्हाही ब-फ मध्ये शून्यच येतं, कारण तो हिशोब दांडे सरळच राहतात असं धरून चालतो. ते सरळ ठेवण्याचं काम कोण करतं हे त्यात दिसत नाही. आणि ब-फ तरी फक्त कैचीच्या पातळीत धरतो. दांडा आडव्या अंगाने फुगू नये म्हणून एका कैचीच्या ब पासून शेजारच्या कैचीच्या ब पर्यंत, असे आडवे अँगल वेगळे लावावे लागतात.

आम्ही ते अँगल लावले. गंजलेला ब-फ काढून त्याच जागी नवा बसवला, आणि वेल्डरनेच त्याच्या दोन्ही टोकांचं वेल्डिंग केलं.