विश्लेषण : ‘बांधीत पाणी’चे ‘पाण्यात बांधी’ कसे होते? जीभ घसरते तेव्हा काय कळते?

रोवणीच्या दिवसांत सिंदेवाहीकडच्या एखाद्या शेतात ‘बांधीत पाणी सोड’ असे सांगायचे असताना कुणाच्या तोंडून ‘पाण्यात बांधी सोड’ निघाले, तर बांधावर हशा पिकेल आणि बोलणारा लगेच वाक्य दुरुस्त करेल. बांधी म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेला धानशेतीचा तुकडा. तो पाण्यात सोडता येत नाही. पण भाषेच्या अभ्यासकांना अशा चुकीत वाक्य जुळवण्याची पद्धत दिसते. बोलताना साधारण हजार शब्दांमागे एखादी चूक होते, असा अंदाज आहे. त्या चुका मनाला येईल तशा होत नाहीत, त्यांना नियम असतात.

या वाक्यात नेमके काय उलटले?

दोन नामांनी जागा बदलल्या. पण ‘-त’ हा प्रत्यय जागचा हलला नाही. ‘बांधीत’ हा तयार शब्द ‘पाणी’च्या जागी गेला असता, तर ‘पाणी बांधीत सोड’ असे वाक्य झाले असते आणि अर्थ बिघडला नसता. प्रत्यक्षात ‘-त’ लावलेली पहिली जागा तशीच राहिली आणि तिथे चुकीचे नाम येऊन बसले.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. चुकताना कुणी ‘पाणीत’ म्हणत नाही, ‘पाण्यात’ म्हणतो. म्हणजे शब्द चुकीच्या जागी गेला, तरी त्याचे सामान्यरूप व्याकरणाप्रमाणेच झाले. यावरून क्रम कळतो. आधी वाक्याचा सांगाडा आणि प्रत्ययांच्या जागा ठरतात, मग त्या जागांत शब्द बसतात आणि शब्दाचे अंतिम रूप त्यानंतर घडते. चूक मधल्या पायरीवर झाली. पुढच्या पायरीने मिळालेल्या शब्दावर आपले काम चोख केले.

अमेरिकेतील मेरिल गॅरेट यांनी १९७०च्या दशकात इंग्रजीतील चुकांवरून अशाच पायऱ्यांची मांडणी केली. शब्दांची अदलाबदल होते तेव्हा बहुतेक वेळा नामाशी नाम आणि क्रियापदाशी क्रियापद बदलते, असे त्यांना दिसले.

मग ‘स्पूनरिझम’ म्हणजे काय?

यात पूर्ण शब्द बदलत नाहीत, फक्त ध्वनी बदलतात. ‘धानाची रोवणी’चे ‘रानाची धोवणी’ होणे हे त्याचे मराठी उदाहरण म्हणता येईल. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख विल्यम स्पूनर (१८४४-१९३०) अशा चुकांसाठी इतके प्रसिद्ध झाले, की प्रकाराला त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक किस्से मात्र विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी रचलेले आहेत.

इथले नियम वेगळे आहेत. बदलणारे ध्वनी सहसा शेजारच्या शब्दांतले असतात. शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीलाच जातो. व्यंजनाशी व्यंजन बदलते, स्वराशी स्वर. शब्दांची अदलाबदल दूरवर होऊ शकते, ध्वनींची जवळच्या जवळ होते. त्यावरून असे मानले जाते, की मेंदू शब्दांची निवड बरीच पुढची करून ठेवतो, पण उच्चाराची तयारी एका वेळी थोड्याच शब्दांची करतो.

लॉस एंजेलिसच्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१मध्ये दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘अ करंट आर्ग्युमेंट’ म्हणायचे असताना बोलणारा ‘अॅन अरंट करग्युमेंट’ म्हणाला. पुढचा शब्द स्वराने सुरू होताच ‘अ’चे ‘अॅन’ झाले. ‘पाण्यात’मध्ये झाली तशीच ही शेवटच्या पायरीवरची जुळवाजुळव.

तोंडातून निघण्याआधी तपासणी होते का?

होते, असे १९७५मधील एका अमेरिकी प्रयोगातून दिसले. बार्स, मॉटली आणि मॅके यांनी लोकांना शब्दांच्या जोड्या मनात वाचायला दिल्या आणि मधूनच एखादी जोडी मोठ्याने म्हणायला सांगितली. मराठीत मांडायचे तर ‘रात-धार’, ‘रंग-धूप’ अशा जोड्यांनी ‘र’नंतर ‘ध’ची सवय लावायची आणि अचानक ‘धाव-रान’ म्हणायला लावायचे. ते चुकून ‘राव-धान’ होऊ शकते आणि हे दोन्ही खरे शब्द आहेत. ‘धुके-रोप’ चुकले तर ‘रुके-धोप’ होईल, ज्याला काही अर्थ नाही. इंग्रजीतील मूळ प्रयोगात खरे शब्द तयार करणाऱ्या चुका निरर्थक चुकांपेक्षा बऱ्याच जास्त झाल्या. निरर्थक शब्द आतच अडवले जातात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. खरा शब्द मात्र पहाऱ्यातून सुटतो.

असे प्रयोग का लागतात? कारण ऐकून टिपलेल्या चुकांत एक खोट असते. हसू आणणारी चूक कानाला पकडता येते, बारीकशी निसटून जाते.

शब्द ओठांवर येऊन अडतो तेव्हा?

‘धान साठवायची ती बांबूची मोठी... ती... काय म्हणतात तिला?’ इथे ‘कणगी’ हा शब्द सापडलेला नाही. तरीही ‘ती’, ‘बांबूची’, ‘मोठी’ ही स्त्रीलिंगी रूपे बिनचूक आली. शब्दाचा अर्थ आणि व्याकरण एका पायरीवर मिळते, ध्वनी पुढच्या पायरीवर, असा याचा अर्थ लावला जातो. अर्थात, बोलणाऱ्याच्या मनात ‘टोपली’सारखा दुसरा स्त्रीलिंगी शब्दही असू शकतो. म्हणून एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

इटालियन भाषेवरील १९९७च्या अभ्यासात ही शंका दूर करण्याची सोय होती. शब्द ओठांवर अडलेल्यांना त्याचे लिंग विचारले आणि मनात तोच शब्द होता का, हे नंतर तपासले. त्यांनी दहापैकी आठाहून अधिक वेळा लिंग बरोबर सांगितले. ज्यांना शब्द माहीतच नव्हता, त्यांची उत्तरे अंदाजपंचे होती. त्याआधी १९६६मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी दाखवले होते, की अडलेल्या शब्दाचे पहिले अक्षर अनेकदा आठवते. म्हणजे ध्वनीही एकदम हरवत नाहीत, अर्धेमुर्धे हाताशी असतात.

झाडीपट्टीतले ‘पानी’ ही चूक आहे का?

नाही. झाडीबोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. शाळेत वर्गात उभे राहून मूल ‘पानी’ म्हणाले, तर त्याची जीभ घसरलेली नसते. त्याच्या बोलीचा नियम त्याने बरोबर पाळलेला असतो. फरक ओळखणे सोपे आहे. वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले, की जिभेची चूक नाहीशी होते आणि बोलणाऱ्याला ती स्वतःलाच खटकते. बोलीचे रूप दर वेळी तसेच येते आणि घरातले सगळे तसेच बोलतात. प्रमाण मराठी शिकवता येते, पण ‘चुकलास’ म्हणून वर्गाला हसवले, तर मूल पुढच्या वेळी हात वर करणार नाही.

काळजी कधी करावी?

वयानुसार शब्द, विशेषतः माणसांची नावे, ओठांवर अडणे वाढते. नाव थोड्या वेळाने आठवत असेल, तर तेवढ्यावरून स्मृतिभ्रंशाची भीती बाळगू नये. रोजच्या वस्तूंची नावे वारंवार हरवू लागली किंवा वस्तू कशासाठी आहे हेच कळेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. बोलणे अचानक अडखळले, असंबद्ध झाले, सोबत तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर ती पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तेव्हा शब्द आठवण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.