विमा कंपनीचा नकार लेखी मागा

मणक्याच्या दुखापतीमुळे चाकाच्या खुर्चीवर आलेला, पण नोकरी करून स्वतःचा खर्च भागवणारा एक माणूस आरोग्य विम्यासाठी कंपन्यांकडे गेला. नकार मिळाल्यानंतर त्याने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. १३ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने सांगितलं, की घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो आणि आरोग्य सेवेचा विचार विम्याला वगळून करता येत नाही. दिव्यांगांसाठी कंपन्यांनी पॉलिसी आणावी, असा आदेश न्यायालयाने विमा नियामक प्राधिकरणाला, म्हणजे आयआरडीएआयला दिला. त्यावर २७ फेब्रुवारी २०२३ रोजी प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: आरोग्य विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीकडे दिव्यांगांसाठी एक तरी पॉलिसी असलीच पाहिजे.

एवढं होऊनही एजंट आजही सांगतात, "तुमचं होणार नाही." म्हणून कंपनी नेमकं कशाला नाही म्हणू शकते आणि कशाला नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतली ४२ वर्षांची एक शिक्षिका. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं आहे. बीपी नाही, शुगर नाही. एजंट म्हणतो, "पायाचं फॉर्मवर लिहू नका, ताई, उगाच अडकेल."

हा सल्ला सर्वांत महागात पडतो. प्रपोजल फॉर्मवर विचारलेली गोष्ट लपवली, तर पुढे दावा आल्यावर कंपनी तो नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दिली नाही या कारणावरून दावा अडवता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण मिळत नाही. कॅलिपर तर रुग्णालयात सगळ्यांना दिसणारच. तेव्हा फॉर्मवर पोलिओ, साल, कॅलिपर, झालेल्या शस्त्रक्रिया सगळं लिहायचं आणि प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडायची. भरलेल्या फॉर्मची एक प्रत आपल्याकडे ठेवायची, कारण एजंटने परस्पर "नाही"वर खूण केली तर तीच कामाला येते.

आता तिच्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली वाट नेहमीच्या पॉलिसीची. इथे कंपनीला तीन गोष्टी करता येतात: अर्ज आहे तसा स्वीकारणं, अटी घालून स्वीकारणं किंवा नाकारणं. अटी म्हणजे बहुधा जादा हप्ता, ज्याला विम्यात लोडिंग म्हणतात. १२ हजारांच्या हप्त्यावर २५ टक्के लोडिंग लागलं, तर तो १५ हजार होईल. नाकारण्याचा अधिकारही कंपनीला आहे, पण संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणाला धरूनच. अमुक माणूस दिव्यांग आहे एवढंच म्हणून थांबता येत नाही. या व्यक्तीच्या बाबतीत कोणता वैद्यकीय धोका दिसला, ते सांगावं लागतं. म्हणून फोनवरचा नकार मान्य करायचा नाही. "कारणासह लेखी कळवा" असा ईमेल पाठवायचा.

दुसरी वाट परिपत्रकानंतर आलेल्या दिव्यांग पॉलिसीची. त्यासाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आपल्या शिक्षिकेला ती मिळू शकते. प्राधिकरणाने दिलेल्या नमुन्यात विमा रक्कम ४ किंवा ५ लाखांची आहे. पहिल्या वाटेवर नकार आला, तरी ही पॉलिसी त्याच कंपनीकडे मागता येते. मात्र दार उघडं ठेवणं बंधनकारक असलं, तरी आत शिरण्याची किंमत बरीच असते आणि ती कागदावर बारकाईने वाचावी लागते.

ही किंमत दोन ठिकाणी कळते. एक म्हणजे को-पे, दाव्यातला आपला वाटा. तो २० टक्के असेल, तर २ लाखांच्या बिलात ४० हजार आपल्या खिशातून जातात. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून ही अट काढता येते. ४०-४५ वयात तो पर्याय हिशेब करून पाहावा. दुसरं म्हणजे प्रतीक्षा काळ. पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणताच आजार धरत नाहीत. त्यानंतर डेंग्यू झाला, अपेंडिक्स काढावं लागलं, तर त्याचा पायाशी संबंध नाही आणि कंपनीला दावा द्यावाच लागतो. पण दिव्यांगत्वाशी जोडलेल्या उपचारांसाठी वेगळा काळ असतो. आधीपासूनच्या आजारांसाठी तो २०२४ पासून ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही.

खरा वाद इथेच होतो. समजा, पॉलिसी घेतल्यावर आठव्या महिन्यात शिक्षिका ओल्या पायरीवरून घसरली आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. कंपनी म्हणेल, पोलिओच्या पायाचं हाड आधीच ठिसूळ होतं, म्हणून हे दिव्यांगत्वातूनच आलं. इथे डॉक्टरांची पहिल्या दिवशीची नोंद निर्णायक ठरते. "घसरून पडल्याने फ्रॅक्चर" असं घटनेसह लिहिलेलं असेल, तर हा अपघात आहे हे ठामपणे मांडता येतं. "जुना पोलिओ, हाड मोडलं" एवढंच लिहिलं, तर कंपनीच्या हाती कारण जातं. म्हणून काय घडलं ते दाखल होतानाच नीट सांगावं आणि केसपेपरवर ते आलंय का, हे घरच्यांनी पाहावं. मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांना लघवीचा संसर्ग किंवा बेडसोअर होतो, तेव्हाही असाच प्रश्न उभा राहतो. तिथे मात्र दिव्यांगत्वाशी संबंध उघड असतो आणि प्रतीक्षा काळ संपेपर्यंत दावा मिळणं कठीण असतं.

काही खर्च या विम्यात बहुधा येतच नाहीत. शरीरात बसवलेली प्लेट किंवा कृत्रिम सांधा शस्त्रक्रियेच्या बिलात धरला जातो, पण कॅलिपर, चाकाची खुर्ची, वॉकर यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचंही तसंच. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. हे सगळं त्या मुदतीत वाचून घ्यावं.

सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे. तीत वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी नसते, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही ठरावीक मर्यादेत धरल्या जातात. रक्कम मोठी नाही, पण खाजगी पॉलिसीत न येणारा खर्च इथे निघतो, म्हणून दोन्ही सोबत ठेवायला हरकत नाही.

एकदा पॉलिसी घेतली, की दरवर्षी मुदतीत नूतनीकरण करणं हा पुढचा नियम. मागच्या वर्षी दावा केला या कारणाने कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. खंड पडला, तर मात्र पूर्ण होत आलेला प्रतीक्षा काळ वाया जाऊ शकतो.

आणि लेखी नकार आलाच, किंवा मागूनही आला नाही, तर? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं, सोबत आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद करायची. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जायचं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुण्यात कार्यालयं आहेत. विमा नियमांचा भंग झाला, हीच तक्रार तिथे मांडायची. दिव्यांग म्हणून भेदभाव झाला असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली पुण्यातल्या राज्य आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: कंपनीने काय कारण दिलं, तो कागद कुठे आहे?