पॉलिसीच्या पाठीवरच्या चार ओळी

समजा, शिरपूर तालुक्यातला एक गृहस्थ. खानदेशातल्या असंख्य तरुणांप्रमाणे तोही ऐन तारुण्यात सुरतेला गेला, कापडाच्या कारखान्यात राबला आणि तिथेच ओळखीच्या एजंटाकडून पाच लाखांची विमा पॉलिसी घेतली. पुढे गावी परतून त्याने पिठाची गिरणी टाकायचे ठरवले. पैसा एकदम नको होता. आधी शेड, मग यंत्र, मग वीजजोडणी, असा टप्प्याटप्प्याने हवा होता. म्हणून धुळ्यातल्या बँकेकडून त्याने ओव्हरड्राफ्ट मागितला, म्हणजे लागेल तशी उचल आणि उचललेल्या रकमेवरच व्याज. तारण काय, तर ती सुरतेची पॉलिसी. त्याने मूळ पॉलिसी बँकेत नेऊन दिली, पोच घेतली आणि पॉलिसी गहाण पडली असे समजून तो घरी आला.

कायद्याच्या दृष्टीने मात्र विमा कंपनीपुरते अजून काहीच घडलेले नव्हते. सोने बँकेच्या तिजोरीत गेले की गहाण पडते, कारण सोन्याची किंमत सोन्यातच असते. पॉलिसीच्या कागदाला स्वतःची किंमत नसते; किंमत असते ती विमा कंपनीने दिलेल्या वचनाला. त्यामुळे पैसे आता कोणाला द्यायचे, हे त्या कंपनीला रीतसर लेखी कळवावे लागते. याच हस्तांतराला व्यवहारात ‘असाइनमेंट’ आणि मराठी कागदपत्रांत ‘अभिहस्तांकन’ म्हणतात. त्याचे नियम विमा कायदा, 1938 च्या कलम 38 मध्ये आहेत.

पहिली पायरी विमा कंपनीच्या दारात असते. पॉलिसी आज बंद केली तर हातात किती येईल, त्या रकमेला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. बँक कर्ज देते ते विम्याच्या रकमेवर नव्हे, तर या सरेंडर व्हॅल्यूवर. आपल्या गृहस्थाची पॉलिसी पाच लाखांची असली तरी तिची सरेंडर व्हॅल्यू 3,20,000 रुपये आहे, असे धरू. बँकेने तिच्या 85 टक्के मर्यादा ठरवली, तर त्याला 2,72,000 रुपयांपर्यंत उचल मिळेल. या आकड्याचे लेखी पत्र विमा शाखेकडून घ्यावे. एजंटाच्या तोंडी अंदाजावर यंत्राची ऑर्डर देऊ नये. निव्वळ टर्म पॉलिसीला सहसा सरेंडर व्हॅल्यूच नसते. गृहकर्जाला जोड म्हणून बँक ती स्वतःच्या नावे करून घेते, पण अशा पॉलिसीवर उचल मिळत नाही.

शाखेत गेल्यावर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पॉलिसीवर विमा कंपनीचेच आधीचे कर्ज आहे का, आणि पॉलिसीचा मालक नेमका कोण? विमा बायकोच्या आयुष्याचा, पण प्रस्ताव नवऱ्याचा, असे अनेक घरांत असते. अभिहस्तांकनावर सही लागते ती मालकाची. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांसाठी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतला असेल, तर तो विषय तिथेच संपतो. ती पॉलिसी म्हणजे बायको-मुलांसाठीचा न्यास. जळगावच्या दाणाबाजारातल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी कितीही निकड असली, तरी ती त्याच्या कर्जासाठी बँकेच्या नावे करता येत नाही. ही तरतूद व्यापाऱ्याच्या धनकोंपासून त्याच्या घराला वाचवण्यासाठीच आहे. पॉलिसीवर तशी नोंद आहे का, हे आधी पाहिले की बँकेची फेरी वाचते.

कर्ज मंजूर झाले की खरा मजकूर लिहायचा. तो पॉलिसीच्या पाठीवर लिहिता येतो किंवा स्वतंत्र कागदावर. पाठीवरच्या पृष्ठांकनाला मुद्रांक लागत नाही. स्वतंत्र दस्त केला तर लागतो. पॉलिसी केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असेल तर तिला पाठच नाही, म्हणून स्वतंत्र कागद करावाच लागतो. बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे छापील नमुना असतो. त्याचा गाभा असा:

“मी, या पॉलिसीचा धारक, या पॉलिसीतील माझे सर्व हक्क व हितसंबंध ______ बँकेच्या ______ शाखेस, तिने मला मंजूर केलेल्या रु. ______ कर्जाचे तारण म्हणून अभिहस्तांकित करीत आहे. दिनांक ______, ठिकाण ______. धारकाची सही. साक्षीदाराची सही, नाव व पत्ता.”

एवढेच. पण यातला एक तुकडा सोन्याच्या मोलाचा आहे: “कर्जाचे तारण म्हणून”. हस्तांतराचे कारण लिहिणे कायद्याने सक्तीचे आहेच, शिवाय नॉमिनीचे भवितव्य त्याच कारणावर ठरते. एरवी पॉलिसी दुसऱ्याच्या नावे झाली की आधीचे नामनिर्देशन आपोआप रद्द होते. विमा कंपनी स्वतः कर्ज देते तेव्हा हा नियम पूर्वीही लागू नव्हता. बँकेसारख्या तिसऱ्या कर्जदात्याला मात्र ही सवलत नव्हती. 2015 च्या दुरुस्तीने कलम 39 मध्ये ती आली. कर्जाच्या बदल्यात पॉलिसी नावे केली असेल तर नॉमिनी कायम राहतो; त्याचा हक्क फक्त बँकेच्या येण्यापुरता मागे सरतो. उद्या कर्जदार गेला तर बँकेचे उरलेले कर्ज आधी फिटेल आणि वरची रक्कम नॉमिनीकडे जाईल. मजकुरातून कर्जाचा उल्लेख गळला, तर ऐन दुःखात त्याच्या बायकोला हा हक्क सिद्ध करत बसावे लागेल.

हस्तांतर काही अटींवरही करता येते. पण अटींवर पॉलिसी घेणाऱ्याला ती सरेंडर करण्याचा किंवा तिच्यावर कर्ज काढण्याचा अधिकार कायदा देत नाही. कर्ज थकले तर पॉलिसी मोडता यावी, म्हणून बँकेला पूर्ण हस्तांतर हवे असते. पॉलिसीचा काही भागच नावे करण्याची सोयही आहे, मात्र मग उरलेला भाग आणखी कोणाच्या नावे करता येत नाही.

कारण लिहिण्याच्या या सक्तीला मुंबईतल्या एका दाव्याची पार्श्वभूमी आहे. लोकांना नको झालेल्या पॉलिसी विकत घेऊन पुढे विकणारी ‘इन्शुअर पॉलिसी प्लस सर्व्हिसेस’ ही कंपनी होती. आयुर्विमा महामंडळाने 2003 आणि 2005 मध्ये परिपत्रके काढून अशा पॉलिसींचे हस्तांतर नोंदवायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये महामंडळाच्या विरोधात निकाल दिला, आणि डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या कायद्याप्रमाणे पॉलिसी ही हस्तांतर करता येणारी मालमत्ता असल्याचे मान्य केले. तोवर कायदा बदललेला होता. आता हस्तांतर प्रामाणिक नाही, धारकाच्या वा जनतेच्या हिताचे नाही किंवा पॉलिसीच्या व्यापारासाठी आहे असे वाटले, तर विमा कंपनी नकार देऊ शकते. पण नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत कारणे लेखी कळवावी लागतात. त्या नकाराविरुद्ध विमा नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. बँकेच्या खऱ्या कर्जाला अशी अडचण सहसा येत नाही.

आता पुन्हा शिरपूरच्या गृहस्थाकडे. पृष्ठांकन झाले, साक्षीदार झाला. यानंतर विमा कंपनीला नोटीस द्यायची: पॉलिसी क्रमांक, हस्तांतराची तारीख, बँकेचे नाव आणि कर्जाचे कारण नमूद करून, सोबत पृष्ठांकन केलेली मूळ पॉलिसी किंवा दस्ताची प्रमाणित प्रत. ही नोटीस पोचेपर्यंत हस्तांतर विमा कंपनीवर बंधनकारक होत नाही. एकाच पॉलिसीवर दोघांनी हक्क सांगितला, तर कोणी आधी सही घेतली हे पाहिले जात नाही. कोणाची नोटीस आधी पोचली हे पाहिले जाते.

आणि नोटीस पोचवायची कुठे? कायदा म्हणतो, पॉलिसीची सेवा ज्या ठिकाणी चालते तिथेच. त्याची पॉलिसी सुरतेच्या शाखेत नोंदलेली आहे. धुळ्याच्या विमा शाखेच्या टेबलावर अर्ज ठेवून तो परतला, तर ती नोटीस योग्य ठिकाणी पोचलीच नाही. सुरत, वापी, पुणे, मुंबई अशा गावी पॉलिसी घेऊन परतलेल्या घरांसाठी ही अडचण खरी आहे. उपाय सोपा आहे: आधी अर्ज करून पॉलिसी धुळे किंवा शिरपूरच्या शाखेकडे वर्ग करून घ्यायची, मग नोटीस द्यायची. त्यासाठी आठ-पंधरा दिवस हाताशी ठेवावेत.

सोबत लागणारे कागद फार नाहीत. शेवटच्या हप्त्याची पावती, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, बँकेचे मंजुरीपत्र. मूळ पॉलिसी हरवली असेल तर आधी नुकसानभरपाईचे हमीपत्र देऊन दुय्यम प्रत काढावी लागते. छापील नमुना इंग्रजीत आणि सही मराठीत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याची घोषणा जोडतात. वीस वर्षांपूर्वीच्या प्रस्तावावरची सही आणि आजची सही जुळत नसल्याने अर्ज परत येणे, हा प्रकारही वारंवार घडतो.

नोंद झाली याची खूण तोंडी होकारात नसते. पॉलिसीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांक पडलेला असतो. शिवाय ठरलेले किरकोळ शुल्क भरून लेखी पोच मागता येते, आणि नोटीस मिळाल्याचा तो विमा कंपनीविरुद्धचा निर्णायक पुरावा ठरतो. तिची एक झेरॉक्स घरात हवीच.

उचल सुरू झाल्यावरचा धोका वेगळा आहे. पॉलिसी बँकेच्या नावे झाली म्हणून हप्ता बँक भरेल, असा समज अनेकांचा होतो. हप्ता धारकानेच भरायचा असतो. समजा, आपल्या गृहस्थाने पूर्ण 2,72,000 उचलले, व्याज 11 टक्के धरले आणि त्याने व्याजही भरले नाही, हप्ताही नाही. सोयीसाठी वर्षाला एकदा व्याज मिळवले, तरी पहिल्या वर्षाअखेर देणे 3,01,920 होते आणि दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे 3,35,131. हप्ते थांबल्याने सरेंडर व्हॅल्यू मात्र 3,20,000 च्या आसपासच रेंगाळते. देणे तारणाच्या वर गेले, की बँक पॉलिसी सरेंडर करून पैसे वसूल करू शकते. सर्व हक्क तिच्या नावे असल्याने पुन्हा सही घ्यायची गरज नसते. त्याआधीच मृत्यू झाला, तर हप्ते थकल्यामुळे पाच लाखांऐवजी कमी झालेली रक्कमच मिळते. म्हणून उचल 2,72,000 पर्यंत मिळत असली तरी दोन लाखांवर थांबणे अधिक शहाणपणाचे. रक्कम लहान असेल आणि एकदाच हवी असेल, तर बँकेऐवजी विमा कंपनीकडूनच पॉलिसीवर कर्ज घ्यावे आणि दोन्हींचे व्याजदर शेजारी ठेवून पाहावेत.

गिरणी चालली, कर्ज फिटले. बँकेने ‘काही देणे नाही’ असा दाखला आणि पॉलिसी परत दिली. इथेच पुष्कळ जण थांबतात. विमा कंपनीच्या दप्तरी मालक अजूनही बँकच असते आणि मुदत संपल्यावरचे पैसे तिच्याच नावे निघू शकतात. पॉलिसी धारकाच्या नावे परत करत असल्याचे पृष्ठांकन बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह करून घ्यायचे आणि त्याची नोटीस पुन्हा त्याच सेवा शाखेत द्यायची. हस्तांतरामुळे नामनिर्देशन रद्द झाले असेलच, तर 2015 नंतरच्या कायद्यानुसार ते अशा परतीनंतर आपोआप जिवंत होते. हस्तांतर आणि परती दोन्ही त्याआधीची असतील, तर नवे नामनिर्देशन नोंदवून घ्यावे. शेवटी शाखेतून पॉलिसीचा स्थितीदर्शक उतारा मागावा. मालकाच्या जागी स्वतःचे आणि नॉमिनीच्या जागी बायकोचे नाव वाचूनच तो घडी घालून ठेवावा.