नऊ आणि तीन बारा, मग सामने चौदा कसे?

आयपीएलची साखळी फेरी संपली की दुसऱ्या दिवशीच्या क्रीडा पानावर बहुधा एक भरगच्च परिच्छेद असतो. २०२४ च्या हंगामाचा तसा परिच्छेद साधारण असा होईल:

‘कोलकाताने ९ सामने जिंकून आणि केवळ ३ गमावून २० गुणांसह अव्वल स्थान राखले. हैदराबाद आणि राजस्थान यांचे प्रत्येकी ८ विजय आणि १७ गुण झाले. सरस धावगतीमुळे हैदराबाद दुसरे आले. बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ याच क्रमाने १४ गुणांवर थांबले. चौघांनीही सात जिंकले, सात गमावले. दोन सामने पावसात वाहून गेलेल्या गुजरातला १२ गुणांवर समाधान मानावे लागले. पंजाबचे १० गुण झाले, तर मुंबई ४ विजयांसह तळाला गेली.’

वाचायला काही खटकत नाही. पण पंजाब किती सामने हरले, असे कुणी विचारले की बोट ओळीवरून मागे-पुढे फिरू लागते आणि उत्तर काही सापडत नाही. हाच मजकूर सामने, विजय, पराभव, गुण अशा चार रकान्यांत मांडायला बसले की कळते, परिच्छेदाने बरेच काही सांगितलेलेच नाही. वाक्यात राहिलेली जागा दिसत नाही. तक्त्यातला रिकामा चौकोन मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

सुरुवात करायची ती सगळ्यांना समान असलेल्या आकड्यापासून. साखळीत प्रत्येक संघाचे १४ सामने ठरलेले होते, म्हणून ‘सामने’ हा रकाना वरपासून खालपर्यंत १४ ने भरून टाकायचा. मग परिच्छेदात थेट दिलेले आकडे आपापल्या जागी बसवायचे. इथवर काम नुसते उतरवून घेण्याचे आहे. पण पहिल्याच ओळीत घोडे अडते. कोलकाताचे विजय ९, पराभव ३, म्हणजे १२. उरलेले दोन सामने कुठे गेले? शिवाय विजयाला दोन गुण धरले तर नऊ विजयांचे १८ होतात आणि परिच्छेद म्हणतो २०.

दोन्ही गाठी एकाच ठिकाणी सुटतात. त्या मे महिन्यात अहमदाबाद, हैदराबाद आणि गुवाहाटी इथले तीन सामने एकही चेंडू न पडता रद्द झाले. रद्द सामन्याचा एकेक गुण दोन्ही संघांना मिळतो. कोलकाताचे असे दोन सामने होते. म्हणजे चार रकाने पुरत नाहीत. ‘रद्द’ असा पाचवा हवाच. तो न देता तक्ता छापला तर वाचकाला तो चुकलेलाच वाटेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

हे ध्यानात आले की उरलेले चौकोन गणिताने भरता येतात. गुजरातचे गुण १२, त्यांतले दोन रद्द सामन्यांचे. उरले १०, म्हणजे पाच विजय. चौदातून पाच आणि दोन वजा केले की पराभव सात. हैदराबाद आणि राजस्थानच्या रद्द सामन्यांबद्दल परिच्छेद अवाक्षर काढत नाही, पण १७ हा विषम आकडाच बोलतो. विजयातून गुण मिळतात ते दोन-दोनच, त्यामुळे आठ विजयांचे सोळा आणि वरचा एक पावसाचा. पंजाबचे १० गुण मात्र थोडे फसवे आहेत. ते पाच विजयांचे असू शकतात, तसेच चार विजय आणि दोन रद्द सामन्यांचेही. इथे एकूण हिशेब कामी येतो: तीन रद्द सामन्यांच्या सहा नोंदी कोलकाता, गुजरात, हैदराबाद आणि राजस्थान यांच्यातच संपल्या. पंजाबच्या वाट्याला एकही उरत नाही. म्हणजे विजय पाच, पराभव नऊ.

| संघ | सामने | विजय | पराभव | रद्द | गुण |
|---|---:|---:|---:|---:|---:|
| कोलकाता | १४ | ९ | ३ | २ | २० |
| हैदराबाद | १४ | ८ | ५ | १ | १७ |
| राजस्थान | १४ | ८ | ५ | १ | १७ |
| बंगळूर | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| चेन्नई | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| दिल्ली | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| लखनौ | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| गुजरात | १४ | ५ | ७ | २ | १२ |
| पंजाब | १४ | ५ | ९ | ० | १० |
| मुंबई | १४ | ४ | १० | ० | ८ |
| एकूण | १४० | ६७ | ६७ | ६ | १४० |

शेवटची बेरजेची ओळ छापायची गरज नसते, पण करून पाहावीच. एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव, म्हणून त्या दोन रकान्यांची बेरीज सारखीच यायला हवी. सामने प्रत्यक्षात ७०. प्रत्येकातून दोन गुण वाटले जातात, म्हणून गुणांची बेरीज १४०. घाईत राजस्थानचे पराभव ६ पडले असते तर बेरीज ६८ झाली असती आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. मात्र दिल्ली आणि लखनौच्या ओळींची अदलाबदल झाली तर ही तपासणी काहीच सांगणार नाही, कारण आकडे तेच राहतात.

त्या चौघांचा क्रम या तक्त्यातून कळतच नाही, ही त्याची खरी उणीव. चौघांपैकी एकालाच बाद फेरीत जाता आले. १८ मे रोजी बंगळूरने २१८ धावा केल्या तेव्हा चेन्नईला विजयाची गरज नव्हती. २०१ पर्यंत पोहोचले असते तरी चालले असते. ते १९१ वर थांबले. अखेरीस बंगळूरची निव्वळ धावगती ०.४५९ राहिली, चेन्नईची ०.३९२. गुण सारखे असतील तिथे धावगतीचा रकाना वगळणे म्हणजे सामन्याचा निकालच गाळणे.

कबड्डीत हे गणित आणखी रंगते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे २२ सामने, १७ विजय, २ पराभव आणि ९६ गुण झाले. तेव्हा विजयाला पाच गुण होते, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास एक. सतरा विजयांचे ८५, उरलेल्या तीन बरोबरींचे नऊ, झाले ९४. वरचे दोन कुठून आले? दोन्ही पराभवांतून. म्हणजे पलटण साखळीत एकदाही सातपेक्षा जास्त फरकाने हरली नाही, हे सामने न पाहता नुसत्या तक्त्यावरून सांगता येते. पण गुण देण्याची पद्धत ठाऊक असेल तरच.

कधी कधी मात्र सगळे नियम माहीत असूनही हिशेब जुळत नाही आणि तरी तक्ता बरोबर असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ मध्ये एव्हर्टनने १३ सामने जिंकले, ९ बरोबरीत सोडवले. विजयाला तीन आणि बरोबरीला एक या दराने ४८ गुण होतात. तक्त्यात मात्र ४० आहेत. आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्यांचे आठ गुण कापले गेले होते. असा आकडा आला की तो ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. गुणांपुढे एक खूण करावी आणि कपातीचे कारण तक्त्याखाली एका ओळीत छापावे.